रस्सा लाल, पण जीभ शाबूत

"रंगाला पाहिजे की तिखटाला?" मार्च-एप्रिलात लालबागच्या मिरची गल्लीत पोत्यांसमोर उभं राहिलं की दुकानदार बहुधा हाच प्रश्न आधी विचारतो. त्याच्या लेखी या दोन वेगळ्या खरेद्या आहेत. आपण मात्र घरी येऊन दोन्ही मिरच्या एकत्र कुटून एकाच डब्यात भरतो, आणि पुढचं वर्षभर त्या एका डब्यातून दोन कामं करून घ्यायला बघतो. रस्सा फिका दिसला म्हणून आणखी एक चमचा तिखट पडतं, आणि पानावर बसलेली मुलं पाणी मागायला लागतात. मुलांसाठी हात आखडला तर रस्सा लाल न होता मातकट पिवळा होतो, आणि मोठी माणसं "आज काही तर्री आली नाही" म्हणून मोकळी होतात.

यातून सुटायचं तर रंगाचा आणि तिखटपणाचा निर्णय वेगवेगळा घ्यायला हवा. डबे दोन, मापं दोन, आणि घालायच्या वेळाही दोन. काश्मिरी मिरचीचं पाकीट आणून साध्या तिखटाऐवजी तेवढंच घातलं की काम झालं, असं होत नाही. बऱ्याच जणांचा हिरमोड तिथेच होतो.

सुकी मिरची उभी चिरून उघडली की मामला डोळ्यांनी दिसतो. बाहेरचं साल लाल असतं. आत, जिथे बिया चिकटलेल्या असतात, तिथे फिकट पिवळसर शिरा असतात. रंग सालात असतो आणि तिखटपणा त्या शिरांमध्ये तयार होतो. बिया तिखट लागतात खऱ्या, पण त्या शिरांना चिकटून असल्यामुळे. त्या स्वतः तिखटपणा बनवत नाहीत. सालातलं लाल द्रव्य म्हणजे मुख्यतः कॅप्सँथिन, गाजर-टोमॅटोच्या रंगाच्याच कुळातलं. शिरांमधलं कॅप्सेसिन, जे जिभेला भाजतं, त्याला रंगच नाही. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसल्यामुळे लवंगी इवलीशी असून डोळ्यांतून पाणी काढते, आणि सुरकुतलेली, गडद मरून बेडगी रंगाने भांडं भरून टाकते पण जिभेला फारसं काही करत नाही.

त्यांच्यात एक गोष्ट मात्र सारखी आहे, आणि स्वयंपाकघरात सगळं तिच्यावरच चालतं. दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीत. लाल तिखट पाण्यात नुसतं उकळलं तर पाणी गढूळ दिसतं, लाल होत नाही. तेच तिखट कोमट तेलात टाकलं की मिनिटभरात तेल माणकासारखं होतं. म्हणून रंगाचा हिशोब करायचा तो चमच्यांचा नव्हे, तेलाला भेटलेल्या चमच्यांचा. रस्सा उकळत असताना वरून भुरभुरलेलं तिखट रंग देत नाही, कच्चा वास आणि तिखटपणा तेवढा देतं.

आता नावांबद्दल. "काश्मिरी" म्हणून मुंबईत जे विकलं जातं त्यातलं बरंचसं काश्मीरच्या शेतातलं नसतं. काश्मीर खोऱ्यातलं पीक मर्यादित आहे, आणि गडद रंगाच्या, कमी तिखट, सुरकुत्या पडलेल्या मिरचीला बाजारात सरसकट हे नाव पडलं आहे. पाकिटातल्या पावडरीत पुष्कळदा दक्षिणेकडची बेडगी किंवा तिच्यासारखी मिरची असते. यात फसवणूक झाली असं वाटून घ्यायचं कारण नाही, कारण रस्सा लाल करायला बेडगी उत्तमच आहे. ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाते आणि तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचे दोन प्रकार गल्लीत दिसतात. कड्डी लांब, बारीक आणि सुरकुत्यांनी भरलेली. डब्बी आखूड आणि फुगीर. निव्वळ रंगासाठी घ्यायची तर मी डब्बीकडे झुकेन, पण तिच्यात बिया जास्त असतात, त्या झटकून काढायची तयारी हवी. "साधं लाल तिखट" म्हणून जे मिळतं ते गुंटूर, पांडी, संकेश्वरी अशा तिखट मिरच्यांचं किंवा त्यांच्या मिश्रणाचं असतं. रंग त्यांनाही असतो, पण तो पुरेसा चढेपर्यंत तिखटपणा केव्हाच पुढे निघून गेलेला असतो.

सुकी मिरची विकत घेताना हातात घेऊन वाकवावी. चांगली बेडगी किंचित लवते, तिचं साल जाड आणि चकचकीत असतं आणि रंग मरूनकडे झुकलेला असतो. देठाजवळ पांढुरके डाग, विटकरी-नारिंगी फिकटपणा आणि धुळीसारखा वास असेल तर माल जुना आहे. हा रंग उजेड आणि हवा लागून विटत जातो, आणि विटलेल्या मिरचीतून फोडणीत तो परत येत नाही. याच कारणाने गच्चीवर मिरच्या आठ-आठ दिवस वाळवत ठेवू नयेत. कडक उन्हात एक-दोन दिवस पुरे. देठाजवळ मोडल्यावर कट्‌ आवाज आला की उचलाव्यात. देठं काढूनच कुटाव्यात. देठांसकट कुटलेल्या तिखटाला तपकिरी छटा येते आणि गवतासारखी चव लागते. बियांसकट कुटलं तर रंग फिका पडतो, कारण बिया पिवळट असतात आणि त्यांचं पीठ लालात मिसळतं. डंकावर गर्दीच्या दिवसांत मिरची कुटून घेणार असाल तर निवडायचं काम घरूनच करून न्यावं.

पाकीट घेणार असाल तर घटकांची यादी वाचावी. लाल तिखटात वरून रंग घालायला परवानगी नाही. खाद्यतेल मात्र दोन टक्क्यांपर्यंत चालतं, आणि ते लेबलवर लिहावं लागतं. तेल लावलेली पावडर कोरडीपेक्षा गडद दिसते, म्हणून पाकिटाच्या खिडकीतून दिसणाऱ्या रंगावर भाळू नये.

भेसळीची घरगुती चाचणी सगळ्यांना ठाऊक असते: ग्लासभर पाण्यावर चिमूटभर तिखट टाकायचं, आणि लगेच लाल रेघा खाली उतरल्या तर रंग मिसळलेला आहे असं समजायचं. चाचणी बरोबर आहे, पण अर्धीच. तिच्यात पाण्यात विरघळणारे रंग सापडतात. २००३ मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात सुदान नावाचा औद्योगिक रंग सापडून मोठा गहजब झाला होता. तो रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही, त्यामुळे पाण्याच्या ग्लासात तो शहाण्यासारखा गप्प बसतो. असली भेसळ प्रयोगशाळेतच पकडता येते. घरी करण्यासारखं एवढंच, की सुटी, अनोळखी, भडक आणि संशय यावा इतकी स्वस्त पावडर घेऊ नये.

नवीन तिखट आणलं की भेसळीसाठी नव्हे, तर मापासाठी एक छोटी परीक्षा घ्यावी. एका पांढऱ्या वाटीत मोठा चमचाभर कोमट तेल घ्यायचं, बोट बुडवता येईल इतपतच गरम. त्यात चहाचा पाव चमचा तिखट ढवळून दोन-तीन मिनिटं ठेवायचं. गाळ खाली बसला की वरचं तेल बघायचं. काश्मिरीच्या वाटीत ते गडद लाल दिसेल, साध्या तिखटाच्या वाटीत नारिंगी. मग त्या तेलाचा एक थेंब भाताच्या घासावर घेऊन चाखायचा. दोन्ही डब्यांची परीक्षा शेजारी शेजारी घेतली की आपल्या घरातलं तिखट किती पाण्यात आहे ते कळतं, आणि पुढची सगळी मापं त्यावरून हलवता येतात. पाककृतीत लिहिलेला "एक चमचा तिखट" कुणाच्या डब्यातला, हे कुणीच सांगत नाही.

मापांचं उदाहरण म्हणून रविवारचा कोंबडीचा रस्सा घेऊ. जेवायला पाच माणसं, त्यांत एक आजी आणि एक पहिलीतलं पोर. पाऊण किलो कोंबडी. मी चमचा म्हणते तो चहाचा सपाट चमचा, आणि मोठा चमचा म्हणजे त्याच्या तिप्पट.

कोंबडीला दोन चमचे आलं-लसूण, एक चमचा मीठ, एक चमचा काश्मिरी तिखट आणि चिमूटभर हळद लावून अर्धा तास ठेवायची. हळद इथे मुद्दाम कमी आहे. आपला हात नेहमीच्या सवयीने अर्धा चमचा हळद टाकतो, आणि लालात पिवळं मिसळलं की नारिंगी होणारच. रस्सा केशरी झाला म्हणून तिखटाला दोष दिला जातो, आणि पुष्कळदा हळद डब्यात बसून हसत असते.

वाटणासाठी एक मध्यम कांदा उभा चिरून आणि पाव वाटी किसलेलं सुकं खोबरं वेगवेगळं भाजायचं. लाल रस्सा बिघडायची सुरुवात बहुतेक वेळा या तव्यावर होते. कोल्हापुरी किंवा मालवणी वळणाचं वाटण आपण चांगलं खरपूस, जवळजवळ काळपट होईपर्यंत भाजतो. त्याची चव झकास असते, पण त्या वाटणात जगातलं कुठलंही काश्मिरी तिखट घातलं तरी रस्सा चॉकलेटी होणार. लाल हवा असेल तर कांदा गुलाबी-सोनेरी झाला की थांबायचं आणि खोबरं फिकट बदामी झालं की उतरवायचं. खरपूसपणा थोडा सोडावा लागतो. तो आणि लख्ख लाल रंग एका पातेल्यात मिळत नाहीत. लवंग, दगडफूल, मसाला वेलची यांचा हातही आवरता घ्यावा, कारण तेही रंग काळवंडतात. गरम मसाला एक चमचा, तोही शेवटी. हे वाटण एका पिकलेल्या लाल टोमॅटोबरोबर पाणी घालून गंधासारखं वाटायचं. त्यात तेल किंवा तिखट घालायचं नाही. का ते पुढे येईल.

भांडं स्टीलचं, कल्हईचं किंवा जाड बुडाचं अ‍ॅल्युमिनियमचं घ्यावं. लोखंडी कढईत टोमॅटो, चिंच किंवा कोकम शिजलं की रस्सा काळपट पडतो. कोकम घालायचंच असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत, कारण त्याचा जांभळा अर्क लालाला मारतो.

आता मुख्य काम. पातेल्यात चार मोठे चमचे तेल. हे जास्त वाटेल, पण तर्री तेलाचीच असते. एक चमचा तेलात लाल रस्सा मागणं म्हणजे पाण्याकडे रंग मागणं. तेलात दोन बारीक चिरलेले कांदे मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परतायचे, कडा सोनेरी होईपर्यंत. चमचाभर आलं-लसूण घालून मिनिटभर परतायचं. तोवर एका वाटीत तीन चमचे काश्मिरी आणि अर्धा चमचा साधं तिखट तीन मोठे चमचे पाण्यात कालवून ठेवायचं. गॅस अगदी बारीक करायचा, अर्धा मिनिट थांबायचं, आणि हे कालवण पातेल्यात ओतायचं.

पाण्यात कालवायचं कारण साधं आहे. कोरडं तिखट कडक तापलेल्या तेलात पडलं की काही सेकंदांत करपतं. लाल रंग विटकरी होतो, मग कॉफीसारखा, आणि त्या कडवटपणाला नंतर उपाय नसतो. पाणी सोबत असलं की ते आटेपर्यंत तिखटाचं तापमान उकळत्या पाण्याच्या फार वर जात नाही, आणि तेवढ्या एक-दोन मिनिटांत रंग निवांत तेलात उतरतो. आधी बुडबुडे जोरात येतात, मग आवाज मंदावतो, आणि मसाल्याच्या कडेने लाल तेल सुटायला लागतं. तीच खूण. तेल सुटायच्या आधी पुढचं काही घातलं तर रंग मसाल्यातच अडकून राहतो आणि तिखटाचा कच्चा वास शेवटपर्यंत जात नाही.

काश्मिरीच्या बाबतीत एक धोका वेगळा आहे. साधं तिखट करपायला लागलं की घरभर ठसका उठतो आणि आपण धावत गॅस बंद करतो. काश्मिरीत ठसका आणणारं द्रव्यच कमी, त्यामुळे ती फारशी वर्दी न देता करपते. नाकावर न विसंबता डोळा तेलावर ठेवावा. तेलाची कड तांबूस-तपकिरी होऊ लागली की लगेच दोन चमचे पाणी शिंपडायचं. ती कॉफीच्या रंगाची झालीच असेल, तर मसाला टाकून देऊन नव्याने सुरुवात करणं स्वस्त पडतं. त्यावर कोंबडी घातली तर कोंबडीही जाते.

लाल तेल सुटलं की वाटण घालायचं आणि पुन्हा तेल सुटेपर्यंत, म्हणजे सहा-सात मिनिटं परतायचं. मग कोंबडी घालून मोठ्या आचेवर पाच मिनिटं, बाहेरून पांढरी होईपर्यंत. त्यानंतर अडीच वाट्या गरम पाणी. एक उकळी आली की आच बारीक करून झाकण ठेवायचं, आणि वीस-पंचवीस मिनिटं हळू शिजवायचं. गरम मसाला घालून गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं पातेल्याला हात लावायचा नाही.

हळू शिजवण्याचा आणि थांबण्याचा आग्रह रंगासाठीच आहे. खळखळून उकळत्या रश्श्यात तेलाचे बारीक बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतात आणि वाटणातलं खोबरं त्यांना धरून ठेवतं. तेच लाल तेल, पण असं विखुरलं की डोळ्याला फिकट केशरी दिसतं. आच मंद असली की थेंब पुन्हा एकत्र येऊन वर तरंगतात आणि तर्री दिसते. म्हणूनच वाटणात तिखट आणि तेल एकत्र मिक्सरला लावायचं नाही. मिक्सर हेच काम काही सेकंदांत करतो. हॉटेलसारखी गुळगुळीत ग्रेव्ही करायला परतलेला सगळा मसाला तेलासकट मिक्सरमधून काढणाऱ्यांचा रंग तिथेच उतरतो. गुळगुळीत हवी असेल तर आधी कांदा-टोमॅटो-काजू वाटून, गाळून घ्यावेत आणि तिखट त्यानंतर तेलात फुलवावं.

काजू, दूध, साय, नारळाचं दूध, दही हे सगळं पांढरं आहे आणि पांढरं लालाला गुलाबी-केशरी करतं. पनीरच्या मखनी रश्श्यात हे टळत नाही, तिथे केशरीच शोभतं. पण अशा रश्श्याला कोंबडीच्या रश्श्यापेक्षा चमचाभर काश्मिरी जास्त लागतं, हे आधीच धरून चालावं. बटाट्याचंही तसंच. पावभाजीच्या तव्यावर लाल-लाल दिसणारी भाजी घरी फिकी होते, कारण कुस्करलेला बटाटा रंग खाऊन टाकतो. तव्यावरचे लोक पावडरीवर अवलंबून न राहता भिजवलेल्या काश्मिरी मिरच्या आणि लसणाची चटणी बटरमध्ये आधी परततात, भाजी त्यानंतर येते. घरी यावर बीट घालायची टूम निघाली आहे. बिटाचा रंग पाण्यातला आणि जांभळा. भाजी लाल होण्याऐवजी गुलाबी होते, आणि उकळत ठेवली की तोही विटतो. मला तो प्रकार पटत नाही.

भिजवलेल्या मिरचीची पद्धत रश्श्यालाही चालते, आणि वेळ असेल तर पावडरीपेक्षा ती सरस आहे. साल ताजं वाटलं जातं, आणि तिखटपणा किती ठेवायचा ते आपल्या हातात राहतं. वरच्या रश्श्यासाठी दहा-बारा बेडगी किंवा काश्मिरी मिरच्या घ्यायच्या. देठ मोडून बिया झटकायच्या, मिरची कात्रीने उभी कापून आतल्या शिरा सुरीच्या टोकाने खरवडायच्या. हातमोजे घालावेत, नाहीतर त्या हाताने चुकून डोळा चोळला जातोच. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, जेमतेम बुडण्याइतक्या पाण्यात अगदी बारीक वाटून गाळणीतून काढायच्या. सालाचे तुकडे राहिले तर ते दातात येतात आणि त्यांच्यातला रंगही वाया जातो. हे वाटण पावडरीच्या कालवणाच्या जागी घालायचं, फक्त परतायला पाच-सहा मिनिटं द्यायची, कारण त्यात पाणी जास्त असतं. इथेही खूण तीच, कडेला लाल तेल.

काश्मिरीचं प्रमाण किती वाढवता येईल, याला मर्यादा आहे. या पातेल्याला चार चमचे पुष्कळ झाले. सहा-सात चमचे घातले तर रंग त्या मानाने वाढत नाही, कारण तेल आहे तेवढंच आहे. रस्सा मात्र पिठूळ होतो आणि घशाशी एक कोरडी, किंचित कडवट चव रेंगाळते. शिवाय काश्मिरी कमी तिखट असली तरी बिनतिखट नाही. सहा चमच्यांत तिचाही तिखटपणा साठतो. तयार मालवणी मसाला, कांदा-लसूण मसाला किंवा घरचा मिश्र मसाला घालणार असाल तर त्यातली मिरची हिशोबात धरून साधं तिखट पूर्णपणे गाळावं.

तो अर्धा चमचा साधं तिखट तरी कशाला, असं कुणी विचारेल. नुसत्या काश्मिरीचा रस्सा दिसायला देखणा आणि चवीला थोडा गोडसर, सपाट होतो. कोंबडीला थोडा चटका लागतोच. आजी आणि पोरासाठी तोही नको असेल तर तो कालवणातून वगळावा आणि मोठ्यांसाठी वेगळी सोय करावी: दोन मोठे चमचे तेल कोमट करून त्यात एक चमचा काश्मिरी आणि एक चमचा साधं तिखट फुलवून ते वाटीत पानाजवळ ठेवायचं. ज्याला हवं त्याने आपल्या वाटीत घ्यावं. मिसळीच्या दुकानात कट आणि रस्सा वेगळा देतात तीच ही रीत.

इतकं करूनही रस्सा तिखट झालाच, तर साखर घालून किंवा कच्चा बटाटा टाकून फार काही साधत नाही. बटाटा रस्सा शोषतो, तिखटपणा निवडून बाहेर काढत नाही. तिखटपणा तेलात असल्यामुळे खरा उपाय वरची तर्री काढणं हा आहे. पातेलं थांबवून दोन-तीन मोठे चमचे तेल पळीने अलगद उचललं की रस्सा लक्षात येण्याइतका सौम्य होतो. पण रंगही त्याच तेलाबरोबर जातो. म्हणून काढलेल्याच्या जागी नवं तेल द्यायचं: कढल्यात दोन मोठे चमचे तेल किंवा तूप तापवून गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं, दीड चमचा काश्मिरी घालून अर्धा मिनिट ढवळायचं आणि रश्श्यावर ओतायचं. तेल फार तापलेलं आहे का ते आधी चिमूटभर टाकून बघावं. चिमूट लाल राहून फेसाळली तर ठीक, टाकताक्षणी काळी पडली तर आणखी थांबावं. फिका झालेला रस्सा पाहुणे यायच्या आधी सावरायलाही हीच फोडणी उपयोगी पडते.

राहिला साठवणीचा प्रश्न. मुंबईत त्याची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते. रंगाच्या तिखटाला उजेड, ऊब आणि दमट हवा हे तिन्ही मारक, आणि आपण ते ठेवतो काचेच्या बरणीत, गॅसच्या शेजारच्या फळीवर. वर्षाचं तिखट एकदम केलं असेल तर महिन्याभराचं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बाहेर ठेवावं. उरलेलं पावकिलोच्या पिशव्यांत, हवा दाबून काढून, फ्रीजरमध्ये टाकावं. हिंगाचे खडे घालायची जुनी पद्धत किड्यांसाठी चांगली आहे, पण रंग विटणं त्याने थांबत नाही. फ्रीजरमधली पिशवी बाहेर काढल्याबरोबर उघडू नये. दोन तास तशीच बंद ठेवून ती बाहेरच्या तापमानाला आली की मग कापावी, नाहीतर पावसाळी हवेतलं बाष्प थंड तिखटावर बसून गुठळ्या होतात आणि काही दिवसांत बुरशीचा वास येतो. डब्यात ओला चमचा घालू नये, आणि वाफ येत असलेल्या पातेल्यावर डबा वाकडा करून थेट तिखट टाकू नये; ती वाफ सरळ डब्यात जाते.